रेल्वे दिसली म्हणून शिकागो नव्हे: हॉस्पिटलवरून मालिका ओळखताना

प्रश्न: फक्त ठिकाणाचं वर्णन वाचून मालिका ओळखायच्या कोड्यांत हॉटेल, निवासी शाळा, बेट असलं की माझं बऱ्यापैकी जमतं, हॉस्पिटल आलं की हमखास चुकतं. परवाचं वर्णन असं होतं: "अमेरिकेतलं मोठं शहर. जुनाट, पैशांची ओढाताण असलेलं, शिकाऊ डॉक्टरांचं हॉस्पिटल. बड्या हॉस्पिटलांना नको असलेले पेशंट इथल्या वॉर्डांत येऊन पडतात. इमारतीशेजारून खांबांवरच्या रुळांवरून रेल्वे जाते." मी 'ईआर' लिहिलं, ते चुकलं. का चुकलं, आणि हॉस्पिटल ओळखायचं तरी कसं?

उत्तर:

त्या वर्णनाचं उत्तर 'सेंट एल्सव्हेअर' आहे. १९८२ ते १९८८ या काळात चाललेली ही मालिका बॉस्टनच्या साउथ एंड भागातल्या सेंट एलिजियस नावाच्या काल्पनिक हॉस्पिटलात घडते. तुम्ही रेल्वेवर थांबलात, आणि नव्वद टक्के लोक तिथेच थांबतात. खांबांवरची रेल्वे म्हटली की शिकागो, शिकागोतलं हॉस्पिटल म्हटलं की 'ईआर', अशी ही साखळी इतकी घट्ट बसलेली आहे की वर्णनातली बाकीची तीन वाक्यं वाचूनही न वाचल्यासारखी होतात. कोडं घालणाऱ्याने रेल्वे शेवटी ठेवली तीही बहुधा त्याचसाठी. शेवटचं वाक्य डोक्यात राहतं.

आधी रेल्वेचाच हिशोब करू. 'ईआर'मध्ये ती आहे, हे तुमचं बरोबर. काउंटी जनरल हॉस्पिटलच्या बाहेर ॲम्ब्युलन्स येऊन थांबतात त्या अंगणाच्या आसपास शिकागोची 'एल' रेल्वे दिसते, ऐकू येते, आणि पात्रं ड्युटी संपवून तिच्या फलाटावर उभी असतात. पण बॉस्टनमध्येही अशी रेल्वे होती. वॉशिंग्टन स्ट्रीटवरून जाणारा तो उंच मार्ग १९०१मध्ये सुरू झाला आणि १९८७मध्ये बंद पडला. 'सेंट एल्सव्हेअर'च्या नामावलीत हॉस्पिटल म्हणून जी विटांची भव्य इमारत दिसते, ती याच मार्गालगतची फ्रँकलिन स्क्वेअर हाउस, आणि नामावलीतच रेल्वे तिच्यासमोरून जाताना दिसते. गंमत बघा, खरा मार्ग बंद झाला तरी मालिका आणखी वर्षभर चालली. म्हणजे शेवटच्या पर्वातलं ते दृश्य प्रत्यक्षातल्या शहरात उरलेलंच नव्हतं. आज बॉस्टनला जाऊन ती जागा शोधणाऱ्याला इमारत सापडते, रेल्वे सापडत नाही. तरुण स्पर्धकांना हे उत्तर सुचत नाही याचं हेही एक कारण: आजच्या नकाशावर पडताळून पाहिलं तर बॉस्टन बाद होतं. जुन्या मालिकेचं ठिकाण जुन्या शहरात शोधावं लागतं.

आणखी एक. हॉस्पिटल म्हणून दाखवलेली ती इमारत १८६८मध्ये हॉटेल म्हणून बांधलेली आहे. तेव्हा दर्शनी भाग बघून "हे तर जुन्या हॉटेलासारखं दिसतं" असं कुणाला वाटलं तर तो चुकत नाही.

एकच खूण दोन मालिकांत असली की ती खूण कुचकामी होत नाही. तिने उत्तरांची यादी दोनवर आणलेली असते. त्या दोघांतून निवडायला दुसरी खूण लागते, आणि हॉस्पिटलच्या बाबतीत ती जवळजवळ नेहमी एकाच प्रश्नातून मिळते: आपण या हॉस्पिटलात कोणत्या दाराने शिरतो आहोत?

हॉटेलला एकच दार असतं. स्वागतकक्ष, जिना, खोल्या. मालिका कुठलीही असो, पाहुणा समोरून येतो. हॉस्पिटलला मात्र निदान चार दारं असतात. ॲम्ब्युलन्सचं दार, म्हणजे आपत्कालीन विभाग. वॉर्डाचं दार, जिथे पेशंट आधीच दाखल आहे आणि दिवसेंदिवस तिथेच असतो. ओटीचं दार, जिथे डॉक्टर म्हणजे सर्जन. आणि तपासणीच्या खोलीचं दार, जिथे पेशंटपेक्षा त्याच्या आजाराचा उलगडा महत्त्वाचा. एखादी मालिका चारही ठिकाणी फिरते, पण राहते एकाच ठिकाणी. तिचं घर कोणतं हे कळलं की निम्मं काम झालं.

'ईआर'चं घर ॲम्ब्युलन्सच्या दाराशी आहे, ते नावातच आहे: ईआर म्हणजे इमर्जन्सी रूम. पेशंट स्ट्रेचरवरून धावत आत येतो, दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या दारांतून ट्रॉमा रूममध्ये जातो, आणि तिथून वाचला तर वर पाठवला जातो. वर काय होतं हे आपल्याला बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. कॅमेरा स्ट्रेचरसोबत धावतो. लांबलचक, न तोडलेले शॉट घेता यावेत म्हणून सेट एकसलग, छतासह बांधलेला होता. मधोमध नोंदणीचा ओटा आणि त्याभोवती सगळा विभाग फिरतो. आता तुमच्या कोड्यातलं वाक्य पुन्हा बघा: पेशंट "वॉर्डांत येऊन पडतात". पडून राहणं हे 'ईआर'चं काम नव्हे. तिथे पडून राहिलेला पेशंट ही अडचण असते, आणि भागभर कुणीतरी त्याला बेड मिळवून देण्यासाठी फोन करत असतं. 'सेंट एल्सव्हेअर'मध्ये उलट आहे. तिथे पेशंट दाखल आहेत, एकच पेशंट अनेक भाग राहतो, आणि शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडे फेऱ्या मारतात.

"बड्या हॉस्पिटलांना नको असलेले" हा तर मालिकेच्या नावाचाच अर्थ आहे. चांगल्या हॉस्पिटलांनी ज्यांना घ्यायचं टाळलं ते पेशंट जिथे पाठवायचे, त्या दुय्यम हॉस्पिटलाला डॉक्टरांच्या बोलीत "सेंट एल्सव्हेअर", म्हणजे "दुसरीकडचं कुठलंतरी" असं कुत्सितपणे म्हणत. हॉस्पिटलचं अधिकृत नाव वेगळं, मालिकेचं नाव हे टोपणनाव. कोडं घालणाऱ्याने शीर्षकच वर्णनात उलगडून ठेवलं होतं, आणि ही पद्धत फार वापरली जाते. म्हणून वर्णनातलं असं वाक्य, जे जागेचं नसून जागेच्या प्रतिष्ठेचं आहे, ते दोनदा वाचावं.

दाराचा हा मुद्दा किती निर्णायक ठरतो ते बघायचं तर इंग्लंडमधली एक जोडी घ्यावी. 'कॅज्युअल्टी' १९८६पासून चालू आहे. ती होल्बी नावाच्या काल्पनिक शहरातल्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात घडते. १९९९मध्ये तिच्यातून 'होल्बी सिटी' निघाली आणि २०२२पर्यंत चालली. शहर तेच, हॉस्पिटल तेच, नावाची पाटीही तीच. फरक फक्त मजल्यांचा: पहिली खाली ॲम्ब्युलन्सपाशी, दुसरी वर वॉर्डांत. वर्णनात "होल्बी" आलं म्हणून धावत उत्तर लिहिणारा इथे अर्ध्या वेळा चुकतो. 'केलर' किंवा 'डार्विन' अशी वॉर्डांची नावं आली तर 'होल्बी सिटी', कारण केलर हा तिथला शस्त्रक्रियेचा वॉर्ड आणि डार्विन हृदय-छातीच्या शस्त्रक्रियांचा. भागाची सुरुवात हॉस्पिटलबाहेर, एखाद्या घरात किंवा रस्त्यावर होते आणि अपघात कोणाला होणार याची वाट बघायला लावते, असं वर्णन आलं तर ती 'कॅज्युअल्टी'. प्रत्यक्षात दोन्हींचे सेटही वेगवेगळ्या गावांत होते: 'कॅज्युअल्टी' आधी ब्रिस्टलमध्ये आणि २०११पासून कार्डिफमध्ये, तर 'होल्बी सिटी' लंडनजवळच्या एल्स्ट्रीमध्ये. एकाच काल्पनिक इमारतीचे दोन मजले दोन देशांत, कारण कार्डिफ वेल्समध्ये येतं.

आता शिकागोकडे परत येऊ, कारण तिथे तुमची पुढची चूक वाट बघते आहे. समजा कोड्यात शिकागो अगदी स्पष्ट लिहिलं आहे. तरीही 'ईआर' हे उत्तर पक्कं होत नाही. सप्टेंबर १९९४मध्ये 'शिकागो होप' आणि 'ईआर' या दोन मालिका एका दिवसाच्या अंतराने सुरू झाल्या, दोन वेगळ्या वाहिन्यांवर, आणि सुरुवातीला दोघींची वेळही एकमेकींवर आदळत होती. पुढे २०१५मध्ये 'शिकागो मेड' आली. तिघींत दार पुन्हा उपयोगी पडतं, पण या वेळी पुरत नाही. 'शिकागो होप'चं घर ओटीत आहे: नामांकित सर्जन, महागडी उपकरणं, नैतिक पेच, आणि खर्च कोण करणार यावरून चाललेल्या बैठका. 'ईआर' सरकारी हॉस्पिटल आहे, 'काउंटी' हा शब्द तेच सांगतो. वर्णनात विमा नसलेले, बेघर, रात्रभर बाकावर बसलेले लोक असले की हीच. इथवर सरळ आहे.

'शिकागो मेड'चं घर मात्र 'ईआर'सारखंच आपत्कालीन विभागात आहे. तिथे बघायचं ते पेशंट कोण आणतंय. 'शिकागो मेड' ही अग्निशमन दल आणि पोलिसांवरच्या दोन भावंड मालिकांच्या जगात राहते, त्यामुळे स्ट्रेचरच्या मागे वारंवार तेच अग्निशमन जवान आणि तेच पोलीस आत येतात, आणि त्यांना नावाने हाक मारली जाते. 'ईआर'मध्येही पोलीस येतात, पण बहुतेक वेळा फक्त पोलीस म्हणून. दिसण्यातही अंतर आहे. 'मेड'च्या विभागात काचेची सरकती दारं, पडदे आणि भरपूर स्क्रीन; 'ईआर'च्या पहिल्या पर्वांत भिंतीवर हाताने लिहिलेला बोर्ड आणि ट्यूबलाइटचा पिवळट-हिरवट उजेड. 'मेड'च्या बाहेरच्या दृश्यात दिसणारी आधुनिक इमारत शिकागोतल्या रश विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राची आहे, आणि ती कुणी सरकारी हॉस्पिटल समजण्याचा संभव नाही.

सगळ्यात अवघड जोडी मात्र 'ईआर' आणि 'द पिट' यांची. २०२५मध्ये आलेली 'द पिट' तितकीच गर्दीची, तितकीच शिकाऊ डॉक्टरांची, तितकीच आपत्कालीन विभागातली. मुख्य डॉक्टरची भूमिका करणारा नोआ वायलीही 'ईआर'मध्ये होता. केवळ जागेवरून वेगळं करायचं असेल तर पहिली खूण शहराची, पिट्सबर्ग. ती दिली नसेल तर वेळेकडे बघा. 'द पिट'च्या पहिल्या पर्वात पंधरा भाग आहेत आणि प्रत्येक भाग म्हणजे एकाच पाळीतला एक तास. त्यामुळे तिथे पेशंट गायब होत नाही. सकाळी आलेला माणूस दुपारी त्याच खुर्चीत, आणखी चिडलेला, बसलेला असतो. वर्णनात "प्रतीक्षाकक्ष दर भागात अधिकाधिक तुंबत जातो" असा अर्थ निघत असेल तर उत्तर हेच. तिथे बाहेरचं जग फारसं दिसत नाही. त्या विभागाला 'पिट', म्हणजे खड्डा, हे टोपणनाव उगाच पडलेलं नाही.

दारानंतर दुसरी खूण कपड्यांची, कारण हॉस्पिटल ही मोजक्या जागांपैकी एक आहे जिथे हुद्दा अंगावर घातलेला असतो. निवासी शाळेतही गणवेश असतो, पण तो सगळ्यांचा सारखा. 'ग्रेज ॲनाटॉमी'मध्ये शिकाऊ आणि निवासी डॉक्टर फिकट निळ्या स्क्रबमध्ये, तर वरिष्ठ गडद निळ्या. कुणी फिकटातून गडद निळ्यात आलं की ती बढती बघणाऱ्याला संवादाशिवाय कळते. 'स्क्रब्ज'मध्ये रंग हुद्द्याचा नसून शाखेचा आहे: औषधोपचारवाले निळे, सर्जन हिरवे. म्हणून "दोन जिवलग मित्र एकाच दिवशी रुजू होतात आणि वेगळ्या रंगांत विभागले जातात" असं वर्णन आलं तर ते 'स्क्रब्ज'. "कपड्यांचा रंग बदलणं म्हणजे परीक्षा पास होणं" असं आलं तर 'ग्रेज'.

'ग्रेज'मध्ये रंगाची आणखी एक खूण आहे जी फार नेमकी आहे. सहाव्या पर्वात दुसरं एक हॉस्पिटल, मर्सी वेस्ट, यात विलीन होतं आणि तिथले डॉक्टर नारिंगी स्क्रब घालून येतात. निळ्यांच्या गर्दीत अचानक नारिंगी माणसं दिसली की मालिकाच काय, पर्वसुद्धा सांगता येतं.

याच मालिकेमुळे नावाच्या पाटीवर आंधळा विश्वास ठेवू नये असंही कळतं. सुरुवातीला हॉस्पिटलचं नाव सिएटल ग्रेस. विलीनीकरणानंतर सिएटल ग्रेस मर्सी वेस्ट. नवव्या पर्वात, विमान अपघातात गेलेल्या दोघांच्या आठवणीसाठी, ग्रे स्लोन मेमोरियल. तीन नावं, एकच इमारत. कोड्यात यातलं कोणतंही नाव आलं तरी उत्तर एकच, पण "कोणतं पर्व" असा उपप्रश्न असेल तर नाव हाच पुरावा. पाटी झाकलेली असेल तर आतली रचना बघा: दर्शनी दालनावरून जाणारा काचेचा पूल, ओटीच्या वरची बघ्यांची गॅलरी, शस्त्रक्रियांची यादी लिहिलेला मोठा पांढरा फळा, आणि लिफ्ट, जिच्यात जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचं नातं एकदा तरी अडकतं. बाहेर सिएटलच्या फेरीबोटी आणि स्पेस नीडल. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी एकत्र आल्या तर तिसरीची वाट बघू नका.

पाटीपेक्षाही मोठा धोका बाहेरच्या इमारतीचा. "घडते कुठे" आणि "चित्रित कुठे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि कोडं घालणारे ते मुद्दाम किंवा नकळत मिसळतात. 'हाउस'मधलं प्रिन्स्टन-प्लेन्सबरो हॉस्पिटल न्यू जर्सीत आहे. आकाशातून दाखवलेली त्याची इमारत म्हणजे प्रिन्स्टन विद्यापीठाचं फ्रिस्ट कॅम्पस सेंटर, जिथे विद्यार्थी जेवायला आणि गप्पा मारायला येतात. 'द गुड डॉक्टर'मधलं सेंट बोनाव्हेंचर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं, पण दर्शनी इमारत कॅनडातल्या सरे शहराच्या पालिकेची. 'स्क्रब्ज'चं अगदी उलटं: सेक्रेड हार्ट कोणत्या शहरात आहे हे मालिका सरळपणे सांगतच नाही, पण पहिली आठ पर्वं लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूडमधल्या एका बंद पडलेल्या खऱ्या हॉस्पिटलात चित्रित झाली. तिथल्या खोल्या खऱ्या, कॉरिडॉर खरे, म्हणून ते अरुंद आणि थोडे मळकट दिसतात. सेटवरच्या हॉस्पिटलचे कॉरिडॉर कॅमेऱ्याच्या सोयीने रुंद असतात. चित्रावरून ओळखायचं कोडं असेल तर ही खूण सोन्यासारखी आहे. 'ईआर'चा पहिला भागही लॉस एंजेलिसमधल्या अशाच बंद हॉस्पिटलात चित्रित झाला आणि नंतर स्टुडिओत सेट उभा राहिला, म्हणून पहिल्या भागातला विभाग पुढच्यांशी जुळत नाही. पहिल्याच भागाचं चित्र देऊन फसवणं हा जुना डाव आहे.

'हाउस'बद्दल एवढंच सांगतो की ते तपासणीच्या दाराचं सगळ्यात शुद्ध उदाहरण आहे. काचेच्या भिंतींचं ऑफिस, लक्षणं लिहिलेला पांढरा फळा, फळ्याभोवती तीन-चार डॉक्टर, आणि पेशंट दुसऱ्याच खोलीत. वर्णनात बेडपेक्षा फळ्याला जास्त जागा मिळाली असेल तर दुसरं काही शोधू नका.

कधी कधी इमारत, दार, कपडे काहीच हाती लागत नाही आणि वर्णन जमिनीबद्दल बोलू लागतं: हॉस्पिटल कशावर उभं आहे. तिथे दोनच नावं आठवा. कोपनहेगनचं रिग्सहॉस्पिटल, जे खरं आहे आणि खऱ्या नावाने येतं, ते डॅनिश 'रिगेट'मध्ये कापड भिजवून पांढरं करण्याच्या जुन्या तळ्यांवर उभं आहे असं सुरुवातीलाच सांगितलं जातं. तपकिरी-पिवळट रंगाचं, हलत्या कॅमेऱ्याचं चित्रण, लिफ्टच्या बोगद्यातला मुलीचा आवाज. १९९४ आणि १९९७मध्ये तिची पहिली दोन पर्वं आली, तिसरं थेट २०२२मध्ये. तिच्यावरून २००४मध्ये अमेरिकेत 'किंगडम हॉस्पिटल' निघाली आणि तिने हॉस्पिटल मेन राज्यातल्या लुइस्टनला नेलं. तिथे जमिनीखाली तळी नाहीत, तर आगीत जळालेली गिरणी आहे, जिच्यात कामाला लावलेली मुलं मेली. म्हणजे पाणी आणि धुकं आलं तर डेन्मार्क, आग आणि गिरणी आली तर अमेरिका. भूत दोन्हीकडे आहे, त्यामुळे भुतावरून ठरवू नका.

हॉटेल आणि बेट तुम्हाला का जमतं, हेही यातून कळेल. तिथे बहुधा एकच खूण सगळं काम करते. पाटीवरची अक्षरं बहुतेक भागांत विस्कटलेली असली की 'फॉल्टी टॉवर्स', मग ते टॉर्कीचं हॉटेल प्रत्यक्षात बकिंगहॅमशरमध्ये चित्रित झालं असलं तरी फरक पडत नाही. पण तुमची हॉटेलं 'द व्हाइट लोटस'पाशी अडखळतील, कारण ती साखळी आहे: पहिलं पर्व हवाईत, दुसरं सिसिलीत, तिसरं थायलंडमध्ये. ज्वालामुखी, समुद्र आणि इटालियन बोलणारे कर्मचारी असं वर्णन आलं की लोक इटालियन मालिका शोधत बसतात. बेटांतही 'डेथ इन पॅरडाइज'चं सेंट मारी नकाशावर सापडत नाही. ते ग्वाडेलूपमधल्या देशे गावात चित्रित होतं, म्हणून ब्रिटिश पोलीस आणि फ्रेंच वळणाची घरं एकाच चौकटीत दिसतात. विसंगतीच इथे खूण आहे.

तुमच्या कोड्यावर आता पुन्हा एकदा, या क्रमाने. "अमेरिकेतलं मोठं शहर" यातून होल्बी आणि कोपनहेगन जातात. "शिकाऊ डॉक्टरांचं" यातून 'शिकागो होप' मागे पडते. "वॉर्डांत येऊन पडतात" या वाक्याने 'ईआर', 'मेड' आणि 'द पिट' तिन्ही एकदम बाद होतात, आणि ही कात्री सगळ्यात मोठी आहे. ती आधी चालवली असती तर रेल्वेने फसवलंच नसतं. उरतात 'ग्रेज', 'हाउस', 'स्क्रब्ज', 'सेंट एल्सव्हेअर'. "जुनाट, ओढाताणीचं" यात सिएटलचा काचेचा पूल बसत नाही आणि प्रिन्स्टनची ऐट बसत नाही. 'स्क्रब्ज' जेमतेम बसेल. मग येते रेल्वे, आणि 'स्क्रब्ज'मध्ये ती नाही. दाराआधी वाचली की फसवणारी रेल्वे दारानंतर वाचली की उत्तर पक्कं करते.

याला मर्यादा आहे. "गजबजलेलं हॉस्पिटल, निळे कपडे, रात्रीच्या ॲम्ब्युलन्स" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून कुणालाच नेमकं उत्तर काढता येणार नाही, आणि तिथे दाराचा तर्कही चालत नाही. शहर किंवा विभाग, यातलं एक तरी विचारून घ्या. विचारता येत नसेल आणि एकच अंदाज लिहायचा असेल, तर अशा ठिकाणी मात्र 'ईआर'च लिहा: पंधरा पर्वं, ३३१ भाग, आणि कोडं घालणाऱ्याच्या डोक्यातही पहिल्यांदा तीच आलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.